वाहन-मार्गनियोजन (ग्राहकांच्या वेळा सांभाळून)

एका गोदामातून निघणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये ग्राहक वाटून देणे आणि प्रत्येक गाडीच्या फेरीतील थांब्यांचा क्रम ठरवणे, याला वाहन-मार्गनियोजन म्हणतात. जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी 1959 मध्ये पेट्रोल पंपांना इंधन पोचवणाऱ्या टँकरांच्या संदर्भात हा प्रश्न प्रथम गणिती रूपात मांडला. त्यात गाडीची क्षमता आणि एकूण अंतर यांचाच विचार होता. प्रत्येक ग्राहकाने माल घेण्याचा स्लॉट ठरवून दिला, की प्रश्नाचे स्वरूप पालटते. गाडी स्लॉटच्या आधी पोचली तर तिला थांबावे लागते आणि नंतर पोचली तर ती फेरी बाद धरली जाते. मोजक्या गाड्यांत सगळे स्लॉट सांभाळणारी योजना मुळात शक्य आहे की नाही, हे ठरवणेसुद्धा मोठ्या यादीसाठी अवघड असते. म्हणून रोजच्या कामात सर्वोत्तम उत्तराचा आग्रह सोडून ठोकताळ्यांवर भिस्त ठेवली जाते.

जवळचा ग्राहक आधी घ्यावा, हा सर्वांत सोपा ठोकताळा होय. स्लॉट असताना तो बहुधा फसतो, कारण जवळचा ग्राहक दुपारचा असू शकतो आणि लांबचा सकाळचा. त्याहून भरवशाची पद्धत मारियस सॉलोमन यांनी 1987 मध्ये मांडलेल्या घुसवणीच्या ठोकताळ्यांची आहे. त्यांपैकी एका प्रसिद्ध प्रकारात आधी सर्वांत लांबचा किंवा ज्याचा स्लॉट सर्वांत लवकर संपतो असा ग्राहक घेऊन फेरी सुरू करतात. मग उरलेल्या प्रत्येक ग्राहकासाठी फेरीतील सर्वांत स्वस्त जागा शोधतात. वाढणारे अंतर आणि पुढच्या थांब्याला होणारा उशीर हे दोन्ही मिळून खर्च धरला जातो. वेगळी गाडी पाठवण्याच्या तुलनेत ज्याला इथे बसवणे सर्वांत फायद्याचे, तो ग्राहक आधी घेतात आणि कोणीच बसेनासा झाला की दुसरी गाडी काढतात.

एक काल्पनिक फेरी घेऊ. गाडी 9:00 वाजता निघते, ‘क’कडे 9:30 ला पोचते आणि 10 मिनिटांत माल उतरवते. तेथून ‘ख’ 25 मिनिटांवर आहे, म्हणजे ती 10:05 ला पोचते. पण ‘ख’चा स्लॉट 10:45 ते 11:15 असल्याने 40 मिनिटे दारात उभी राहते. (‘क’चा स्लॉट 10:30 पर्यंत असेल, तर ही 40 मिनिटे गोदामातच काढून गाडी 9:40 ला सोडणे शहाणपणाचे.) ‘ख’चे काम 10:55 ला संपते. 20 मिनिटांवरचा ‘ग’ 12:00 पर्यंत माल घेतो, त्यामुळे 11:15 ला तेथे पोचण्यात अडचण नाही.

आता ‘घ’ला बसवायचे आहे आणि त्याचा स्लॉट 9:45 ते 10:30 आहे. समजा, ‘ख’ आणि ‘ग’ यांच्या मध्ये तो घेतल्यास प्रवास अवघा 10 मिनिटांनी वाढतो, तरी स्लॉट केव्हाच उलटून गेलेला असतो. ‘क’ आणि ‘ख’ यांच्या मध्ये घेतल्यास प्रवास 15 मिनिटांनी वाढतो: 20 मिनिटांत ‘घ’, तेथे 10:10 पर्यंत काम, पुन्हा 20 मिनिटांत ‘ख’. गाडी 10:30 ला ‘ख’कडे पोचते, म्हणजे पुढचा एकही थांबा मिनिटभरही सरकत नाही. जादा वेळ सगळा उभे राहण्याच्या वेळेतून निघाला.

प्रत्येक घुसवणीला पूर्ण फेरी नव्याने मोजत बसावे लागत नाही. शेवटच्या थांब्यापासून उलटे येत प्रत्येक ठिकाणी काम सुरू करण्याची अखेरची चालणारी वेळ एकदाच काढून ठेवतात. ‘ग’साठी ती 12:00 आहे, त्यातून प्रवासाची 20 आणि ‘ख’कडील कामाची 10 मिनिटे वजा केल्यास 11:30 येते, पण ‘ख’चा स्वतःचा स्लॉट 11:15 ला संपत असल्याने तेथे 11:15 हीच मर्यादा राहते. नव्या ग्राहकामुळे ‘ख’कडील काम या वेळेच्या आत सुरू होत असेल, तर पुढची फेरी वेळेच्या दृष्टीने आपोआप सुरक्षित ठरते. गाडीची क्षमता मात्र वेगळी तपासावी लागते.

अशा रीतीने फेऱ्या भरत गेल्यावर शेवटच्या गाडीच्या वाट्याला शहरभर विखुरलेले, कोणालाच न जमलेले ग्राहक येतात. हा या पद्धतीचा ठळक दोष आहे. तो कमी करण्यासाठी एक ते तीन सलग थांबे उचलून दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्या फेरीत नेऊन पाहतात. फेरीचा एखादा तुकडा उलट फिरवण्याची युक्ती अंतर कमी करण्यात एरवी उपयोगी पडते, पण इथे सकाळचे ग्राहक मागे जात असल्याने ती क्वचितच टिकते.

कागदावर जमलेली फेरी रस्त्यावर बिघडते, त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे माल उतरवण्याचा वेळ कमी धरलेला असणे. गाड्यांच्या नोंदींत उशीर थांब्यागणिक वाढत जात असेल आणि गाडी जेथे उभी राहणार होती तेथेच तेवढा भरून निघत असेल, तर धरलेल्या वेळा तोकड्या आहेत असे समजावे. पहिल्याच थांब्याला उशीर होत असेल आणि पुढे तो तितकाच राहत असेल, तर दोष बहुधा गोदामातून गाडी भरून सुटण्याच्या वेळेत असतो. मार्ग बदलून तो जात नाही.