गेमपॅड दुरुस्तीला आणण्याआधी: ट्रक सरळ का चालत नाही?

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गेमपॅडपैकी बऱ्याच पॅडची तक्रार एकच असते: “सरळ रस्त्यावर गाडी डुलते. डावीकडे घेतली की जास्त जाते, उजवीकडे आणली की पुन्हा जास्त. स्टिक गेली वाटतं, बदलून द्या.” आम्ही पॅड तपासतो आणि स्टिक ठीक निघते. तुमची फेरी वाया जाते आणि आमचा अर्धा तास. वर तपासणीचे पैसे का घेतले, यावर दोन शब्द होतात ते वेगळेच. म्हणून हे पत्रक.

उदाहरणाला ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ घेतोय, कारण आमच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात जास्त तोच चालतो. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा २०१२ सालचा हा गेम. त्यात एसटीच्या रंगाची बस घालून जर्मनीच्या रस्त्यांवर फिरणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. तुमचा गेम दुसरा असला तरी मेनूची नावं बदलतील, हिशोब हाच राहील.

डुलणं सुरू होतं ते डेडझोनमुळे

डेडझोन म्हणजे स्टिकच्या मध्याजवळचा असा भाग, जिथे अंगठा हलला तरी गेम लक्ष देत नाही. तो हवाच. कुठलीही स्टिक सोडल्यावर बरोबर शून्यावर येऊन थांबत नाही, जरा इकडे किंवा तिकडे राहते. डेडझोन नसेल तर ट्रक आपोआप एका बाजूला ओढला जातो.

घोळ पुढे होतो. ट्रक ओढतोय म्हणून गिऱ्हाईक डेडझोन वाढवतं आणि ओढणं थांबतं. मग ट्रक डुलायला लागतो, म्हणून डेडझोन आणखी वाढवला जातो. त्याने डुलणं वाढतं.

कारण सोपं आहे. समजा डेडझोन २५ टक्के ठेवला. तो मध्याच्या दोन्ही बाजूंना लागतो, म्हणजे स्टिकच्या पूर्ण आडव्या प्रवासाचा चौथा हिस्सा मेलेला. ट्रक जरा डावीकडे गेला की तुम्ही अंगठा उजवीकडे नेता, पण या मेलेल्या पट्ट्यात काहीच घडत नाही. ताशी ८० किलोमीटरला ट्रक सेकंदाला २२ मीटर जातो. काही होत नाही म्हणून अंगठा आणखी ढकलता, पट्टा संपतो आणि ट्रक एकदम वळतो. मग परत डावीकडे, पुन्हा तोच पट्टा ओलांडून. यात स्टिकचा काही दोष नाही.

शिवाय उरलेल्या ७५ टक्क्यांत गेमला चाक मध्यापासून टोकापर्यंत न्यायचं असतं, त्यामुळे पट्ट्याबाहेर स्टिअरिंग जास्त तिखट होतं. काही गेम तर पट्टा संपताच शून्यावरून थेट २५ टक्क्यांवर उडी मारतात. तुमचा गेम काय करतो ते बघायचं असेल तर ट्रक उभा ठेवा, १ नंबरची की दाबून केबिनमध्ये बसा आणि स्टिक अगदी हळू कलवा. पडद्यावरचं चाक सरपटत निघालं तर ठीक. धाडकन हललं तर डेडझोन शक्य तितका कमी ठेवणं हाच उपाय.

“पण मी काही वाढवलंच नाही” असंही ऐकू येतं, आणि ते खरं असू शकतं. एक्सबॉक्सच्या पॅडसाठी मायक्रोसॉफ्टने प्रोग्रामरना डाव्या स्टिकचा जो डेडझोन सुचवलाय तो ३२,७६७ पैकी ७,८४९ आहे, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. धावण्या-उडण्याच्या गेमला तो चालून जातो, ट्रक हाकायला फार होतो. गेममध्ये तो आकडा तसाच उचललेला असेल तर न मागता पाव भाग मेलेला मिळतो.

एकावर एक दोन डेडझोन

आमचा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ही. गेममध्ये एक डेडझोन आणि स्टीममध्ये दुसरा. गिऱ्हाईक गेममधला कमी करतं, फरक जाणवत नाही, आणि पॅड आमच्या टेबलावर येतो.

मध्यंतरी कॉलेजातला एक मुलगा दोन वर्षं वापरलेला पॅड घेऊन आला. गेममध्ये २५ टक्के, स्टीममध्ये १० टक्के. हे दोन्ही साधे मिळवायचे नसतात. स्टीम आधी १० कापतं आणि उरलेले ९० पुन्हा शून्य ते शंभर असे ताणून गेमला देतं. गेम त्यातले २५ कापतो, म्हणजे मूळच्या नव्वदातले साडेबावीस. एकूण साडेबत्तीस टक्के मेले. उरलेल्या साडेसदुसष्टात चाक पूर्ण फिरवायचं म्हणजे स्टिअरिंग जवळजवळ दीडपट तिखट. त्याच्या पॅडला खरी गरज किती होती? मोजल्यावर स्टिक सोडल्यानंतर उजवीकडे ४ आणि डावीकडे ३ टक्क्यांवर थांबत होती. आम्ही स्टीमचा डेडझोन काढला, गेममध्ये ६ च्या आसपास ठेवला. ट्रक सरळ झाला, पॅड उघडलासुद्धा नाही.

तुमच्याकडे असं करा. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक करून `Properties` आणि त्यात `Controller` उघडा. एक्सबॉक्स प्रकारचा पॅड असेल तर `Disable Steam Input` निवडा. प्लेस्टेशनचा पॅड मात्र बऱ्याच गेमना स्टीमच्या मदतीशिवाय नीट ओळखता येत नाही. तिथे स्टीम चालूच ठेवा, त्यातला डेडझोन शून्य करा आणि जे करायचं ते गेममध्ये करा. डेडझोन एकाच ठिकाणी असावा, एवढं सांभाळा.

मग मोजणी. ब्राउझरमध्ये चालणारं एखादं गेमपॅड टेस्टरचं पान उघडा. `Axis 0` म्हणजे डाव्या स्टिकची आडवी हालचाल. स्टिक डावीकडे पूर्ण नेऊन पटकन सोडा आणि आकडा बघा. मग उजवीकडून तसंच. दहा वेळा करा आणि शून्यापासून सगळ्यात लांब थांबलेला आकडा लिहा. ०.०४ म्हणजे ४ टक्के. त्यावर एक-दोन टक्के टाका, झाला तुमचा डेडझोन. `Axis 1` चा आकडा वाईट दिसला तर घाबरू नका. ती उभी हालचाल आहे, स्टिअरिंगला ती लागत नाही. नुसत्या ट्रकसाठी वापरत असाल तर त्यासाठी स्टिक बदलायला आम्ही सांगणार नाही.

गेममधल्या सरकपट्टीवर आकडा दिसत नसेल तर डोळ्यांनी लावा: पट्टी शून्यावर न्या, स्टिक सोडून द्या, केबिनमधलं चाक वळलेलं दिसेल. ते सरळ होऊन शांत राहीपर्यंत पट्टी थोडी थोडी वाढवा आणि तिथेच थांबा.

यानंतरही गाडी चंचल वाटली तर डेडझोनला हात लावू नका. `Steering Non-Linearity` वाढवा. ही पट्टी मध्याजवळची हालचाल मऊ करते, टोकाला चाक पूर्णच फिरतं. समजा ती वर्गाच्या हिशोबाने चालली तर स्टिक २० टक्के कलली की चाक ४ टक्के वळेल. हायवेवर हवं तेच. संवेदनशीलतेची पट्टी त्यानंतर, रिकाम्या रस्त्यावर ६० च्या वेगाने जाऊन, एकेक पाऊल कमी करत लावा.

बटणं नेमताना

गॅस उजव्या ट्रिगरवर आणि ब्रेक डाव्यावर, पण दोन्ही अक्ष म्हणून नेमलेले हवेत, बटण म्हणून नव्हे. स्वस्त पॅडमध्ये X आणि D असे दोन मोड असतात. D वर राहिला तर ट्रिगर नुसती बटणं होतात किंवा दोन्ही एकाच अक्षावर येतात. मग ब्रेक एक तर पूर्ण लागतो नाहीतर लागतच नाही, किंवा गॅस-ब्रेक एकमेकांना खातात. X वर घ्या. आणखी एक: नेमणूक करताना गेम “अक्ष हलवा” म्हणतो तेव्हा सरकणारी स्टिक स्वतःच पुढे होते आणि ब्रेकच्या जागी जाऊन बसते. नेमून झाल्यावर नाव वाचून घ्या.

कीबोर्डवाले आम्हाला डेडझोन विचारतात. कीबोर्डला तो नसतो. की दाबली किंवा सोडली, मधलं काही नाही; चाक किती वेगाने फिरवायचं ते गेम ठरवतो. संवेदनशीलता कमी करा, चाक आपोआप मध्यावर येण्याची सोय चालू ठेवा आणि की धरून न ठेवता टिचक्या मारा. वळताना हँडब्रेक लागत नसेल तर कीबोर्ड बिघडलाय असं लगेच समजू नका. साध्या कीबोर्डवर काही तीन कळा एकत्र पोचतच नाहीत. नोटपॅड उघडून वरचा आणि डावा बाण धरा आणि स्पेस दाबा. जागा सुटली नाही तर तेच कारण. हँडब्रेक दुसऱ्या कीवर न्या. त्यासाठी आमच्याकडून महाग कीबोर्ड घेऊ नका.

पॅड खरंच कधी आणायचा

हात न लावता आकडा स्वतःच नाचत असेल, कधी ०.०२ कधी ०.१५, तर आतली कार्बनची पट्टी झिजली आहे. कुठलाही डेडझोन ते नीट झाकत नाही. स्टिक टोकाला नेऊनही आकडा ०.९० च्या पुढे जात नसेल तर चाक पूर्ण वळणार नाही. गेममध्ये बाहेरचा, म्हणजे स्टिकच्या टोकाजवळचा, डेडझोन असेल तर तो थोडा आत घेऊन बघा, नसेल तर आणा.

स्टिक बदलणं म्हणजे चौदा ठिकाणचं डाग काढून नवं डाग देणं. जवळच्या तारा जळू न देता ते करायला वेळ लागतो, म्हणून मजुरी स्टिकच्या किमतीपेक्षा जास्त दिसते. तपासणीचे १०० रुपये आम्ही काही बिघाड निघाला नाही तरी घेतो. दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा होतात.

नवा घेणार असाल तर हॉल सेन्सरचा बघा. त्यात चुंबकाने मोजणी होते, कार्बन घासला जात नाही, त्यामुळे ही झीज टळते. स्प्रिंग मात्र त्यातही सैल होते, म्हणून दोन-तीन टक्के डेडझोन तिथेही ठेवावा लागतो. “शून्य डेडझोन, आयुष्यभर” असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी. आमच्याकडे दोन-तीन मॉडेल जोडून ठेवलेली असतात, तुमचा आकडा घेऊन या आणि शेजारी लावून बघा.

येताना पॅडबरोबर केबल आणा. बिनतारी असेल तर यूएसबीला लावायचा तो छोटा रिसीव्हरही आणा. तो घरी लॅपटॉपलाच राहतो, आणि मग पॅड इथे जोडता येत नाही.