तीन फेजचं कनेक्शन आहे, मग इन्व्हर्टर कोणता?

खाली छोटं वर्कशॉप, वर घर आणि मीटर तीन फेजचं, ही मांडणी आपल्याकडे गावोगावी दिसते. वर्कशॉपमध्ये ३ एचपीच्या मोटरचा लेथ आणि १ एचपीचं ड्रिल. वर फ्रिज, पंखे, दिवे आणि पाण्याचा छोटा पंप. आता छतावर ५ किलोवॉटचं सोलर बसवायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो तो इन्व्हर्टर सिंगल फेज घ्यायचा की थ्री फेज.

बहुतेक वेळा उत्तर लगेच मिळतं: ‘लेथची मोटर थ्री फेज आहे, म्हणजे इन्व्हर्टरही थ्री फेजच लागणार.’ हे कारण चुकीचं आहे. बॅटरीशिवायचा सोलर इन्व्हर्टर लाइनला समांतर जोडलेला असतो. तो मोटर चालवत नाही, लाइनमध्ये वीज ओततो. सिंगल फेज इन्व्हर्टर आर फेजवर टाकला तरी मोटरला वाय आणि बी फेज महावितरणकडून मिळतच राहतात. मोटरला काही फरक पडत नाही.

सिंगल फेज घेतला तर बिलात तोटा होईल, ही भीतीही अर्धीच खरी आहे. आर फेजवरून वीज बाहेर जाते आहे आणि त्याच वेळी वाय-बीवरून आत येते आहे, असं सिंगल फेज इन्व्हर्टरमध्ये रोज होणार. मीटर तिन्ही फेजची बेरीज करून मोजतो की प्रत्येक फेज वेगळा मोजतो, यावर आयात आणि निर्यातीचे आकडे बदलतील. पण नेट मीटरिंगमध्ये महिन्याअखेर युनिटमधून युनिट वजा होतात आणि ती वजाबाकी दोन्ही पद्धतींत सारखीच येते. बाहेर गेलेल्या युनिटला आत आलेल्या युनिटपेक्षा कमी दर मिळत असेल, तरच फेजवार मोजणीचा तोटा होतो. म्हणून आधी आपली बिलिंगची पद्धत पाहावी.

थ्री फेज घेण्याचं खरं कारण वायरमध्ये आहे. वीज लाइनकडे ढकलायची तर इन्व्हर्टरला आपल्या टोकाला लाइनपेक्षा थोडा जास्त व्होल्टेज ठेवावा लागतो. किती जास्त, हे करंट आणि वायरचा रोध ठरवतात. आपल्या उदाहरणात इन्व्हर्टर छतावर आहे आणि मीटर ३० मीटरवर. वायर ४ चौरस मिमी तांब्याची. ५ किलोवॉट सिंगल फेजवर म्हणजे सुमारे २२ अँपिअर. तो करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परततो, म्हणजे एकूण ६० मीटर वायर. या वायरचा रोध साधारण ०.२८ ओहम, म्हणून व्होल्टेज ६ व्होल्टने चढतो. तेच ५ किलोवॉट तीन फेजवर वाटले तर प्रत्येक तारेत फक्त सव्वासात अँपिअर राहतात. शिवाय तिन्ही करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे परतीच्या तारेत काहीच पडत नाही. चढ जेमतेम १ व्होल्ट. करंट एक तृतीयांश आणि अंतर निम्मं, म्हणून फरक सहापट.

हा ५ व्होल्टचा फरक महत्त्वाचा का? कारण लाइनचा व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टवर गेला की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत लाइन सोडावी असा नियम आहे. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरात, किंवा शेजारच्या छतांवरही पॅनेल असतील तिथे, दुपारी लाइन मुळातच २४५ असू शकते. त्यात आपल्या वायरचे ६ मिळवले, वर खांबापासूनच्या सर्व्हिस केबलचे एक-दोन, की मर्यादा आलीच. लक्षण ओळखायला सोपं आहे: सकाळी नीट चालतो, भर उन्हात ओव्हरव्होल्टेजचा एरर देऊन बंद पडतो, काही मिनिटांनी परत सुरू होतो, पुन्हा पडतो. पॅनेल किंवा इन्व्हर्टर खराब आहे असा संशय घेतला जातो, पण दोन्ही ठणठणीत असतात.

खरेदीआधीच हे तपासता येतं. कडक उन्हाच्या दिवशी बारा ते दोनच्या दरम्यान मीटरजवळ तिन्ही फेजचा न्यूट्रलशी व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या. सगळे २३५ च्या आसपास असतील तर सिंगल फेज चालेल. तो सगळ्यात कमी व्होल्टेजच्या आणि दिवसा जास्त भार असलेल्या फेजवर टाका. २४५ च्या पुढे असतील तर थ्री फेज घ्या. सिंगल फेज आधीच बसला असेल तर निदान वायर १० चौरस मिमीची करा. ६ व्होल्टचा चढ अडीचच्या आत येतो.

थ्री फेजला एक उणी बाजू आहे, विशेषतः गावाकडे. खांबावरचा डीओ फ्यूज उडून एक फेज गेला की थ्री फेज इन्व्हर्टर पूर्ण थांबतो. सिंगल फेजचा आपला फेज शाबूत असेल तर तो चालत राहतो. दुसरं, थ्री फेज इन्व्हर्टरला आतला डीसी व्होल्टेज जास्त लागतो, त्यामुळे त्याला लांब स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलची लांब माळ, मानवते. आपल्या उदाहरणातले दहा पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये ठेवावेत. पाच-पाचच्या दोन स्ट्रिंग केल्या तर सुरुवातीचा व्होल्टेज गाठायला सकाळी उशीर होऊ शकतो. डेटाशीटमधला स्टार्टअप व्होल्टेज बघूनच हे ठरवावं.

इथवर बॅटरीचा विचार नव्हता. वीज गेल्यावरही काम चालू हवं असेल तर हिशेब उलटा होतो, आणि माझ्या मते छोट्या जागेत बॅकअपसाठी सिंगल फेजच बरा. ६ केव्हीएच्या थ्री फेज बॅकअपमध्ये साधारणपणे प्रत्येक फेजला २ केव्हीएच मिळतात. एकाच फेजवर पंप आणि मिक्सर एकदम लागले की तो फेज ओव्हरलोड होतो, दुसरे दोन रिकामे असले तरी. आणि लेथची मोटर? ३ एचपी मोटर चालताना ५ अँपिअर घेते, पण थेट स्टार्टरवर सुरू होताना सहा-सात पट. म्हणजे क्षणभर २० केव्हीएच्या वर. ६ केव्हीएचा थ्री फेज बॅकअपही इथे ट्रिप होईल.

उपाय म्हणजे व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. सिंगल फेज २३० व्होल्ट घेऊन थ्री फेज २३० व्होल्ट देणारे व्हीएफडी ३ एचपीपर्यंत सहज मिळतात. वेग शून्यापासून पाच-दहा सेकंदांत वाढवल्यामुळे सुरुवातीचा झटका येत नाही, आणि ५ केव्हीएचा साधा बॅकअप मोटरला पुरतो. मात्र त्याच वेळी घरचा पंप चालवू नये. एक अट आहे: मोटरला आता ४१५ ऐवजी २३० व्होल्ट मिळणार. ३ एचपीपर्यंतच्या मोटरी आपल्याकडे बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात, २३० वर त्या डेल्टामध्ये लागतात. टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं बाहेर आहेत का ते पाहा. असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा करा. तीनच टोकं असतील तर स्टार आतच बांधलेला आहे, आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागेल. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्टार्टर ठेवू नका. चालू व्हीएफडीचं आउटपुट तोडल्याने त्यातले ट्रान्झिस्टर जाऊ शकतात.

सिंगल फेज बॅकअप बसवताना घरातल्या तिन्ही फेजच्या लाइनी एकत्र करून त्यावर टाकायची एक पद्धत सर्रास दिसते. तीन फेजच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल सामाईक असेल तर ही पद्धत धोक्याची आहे. आधी तिन्ही करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत होते, आता ते मिळतात. बॅकअपवर असताना इन्व्हर्टरची क्षमता त्याला आवर घालते, पण लाइन आल्यावर बायपासमधून एमसीबीच्या रेटिंगइतका करंट जाऊ शकतो, आणि न्यूट्रलवर बहुधा एमसीबी नसतोच. अडीच चौरस मिमीचा न्यूट्रल तापून इन्सुलेशन वितळायला लागतं. बॅकअपवर हव्या असलेल्या सर्किटांना स्वतंत्र न्यूट्रल ओढून ती वेगळ्या डीबीवर घ्यावीत, मगच जोडावीत.