घातांक व लॉगरिदम: दहा तोंडी प्रश्नांची प्रश्नमंजूषा

शाळा-महाविद्यालयांच्या गणित मंडळात घेतला जाणारा प्रश्नोत्तरांचा एक प्रकार. यात दहा प्रश्न असतात. विद्यार्थ्याने ते कागदावर आकडेमोड न करता, मनातल्या मनात सोडवायचे असतात आणि उत्तर म्हणून एखादी संख्या किंवा एखादा अपूर्णांक चिठ्ठीवर लिहायचा असतो. एका प्रश्नाला पाऊण ते एक मिनिट पुरते. बरीच गणित मंडळे अशा स्पर्धा २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनाच्या आसपास ठेवतात, पण तासाअखेरच्या मोकळ्या पंधरा मिनिटांतही हा खेळ बसतो.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात घातांक सातवी-आठवीत येतात आणि लॉगरिदम अकरावीत. म्हणून पहिले पाच प्रश्न आठवी-नववीच्या मुलांनाही देता येतात. उरलेले पाच कनिष्ठ महाविद्यालयाचे. पुढे एक नमुना संच दिला आहे. त्यात पाया लिहिलेला नसेल तिथे तो 10 समजावा, आणि हे स्पर्धेच्या सुरुवातीलाच सांगून टाकावे.

1. −2⁴ + (−2)⁴ = ?
2. 2¹⁰ + 2¹⁰ हा 2 चा कितवा घात?
3. 27 चा −2/3 वा घात किती?
4. 2³⁰ मोठा की 3²⁰?
5. 7⁵⁰ च्या एकक स्थानी कोणता अंक?
6. log₈ 4 = ?
7. log 4 + log 25 = ?
8. log₂ 3 × log₃ 4 × log₄ 5 × log₅ 6 × log₆ 7 × log₇ 8 = ?
9. log₂ x + log₂ (x − 2) = 3, तर x = ?
10. 2¹⁰⁰ ही संख्या किती अंकी?

उत्तरे अनुक्रमे: 0, अकरावा, 1/9, 3²⁰, 9, 2/3, 2, 3, 4, एकतीस अंकी.

प्रश्न कसे निवडतात

तोंडी प्रश्नाची खरी कसोटी त्याच्या चुकीच्या उत्तरात असते. चिठ्ठीवर फक्त उत्तर दिसते, रीत दिसत नाही. त्यामुळे प्रश्न असा हवा की चुकलेले उत्तर पाहताच कुठला नियम कुठे घसरला ते कळावे. तिसऱ्या प्रश्नाला −18 आले, तर मुलाने 27 ला −2/3 ने सरळ गुणले; घात हा गुणाकार नव्हे, हे अजून पक्के झालेले नाही. −9 आले, तर घनमूळ आणि वर्ग दोन्ही जमले, पण ऋण घातांक म्हणजे व्यस्त हे निसटले आणि उणे चिन्ह उत्तराला जाऊन चिकटले. 9 आले, तर चिन्हाकडे लक्षच गेले नाही. तिघेही चुकले असले तरी तिघांना सांगायचे वेगवेगळे आहे. याच प्रश्नात 27 ऐवजी 1 घेतला असता तर चिन्हाकडे लक्ष न देणाऱ्याचेही उत्तर बरोबर निघण्याचा धोका होता.

दुसऱ्या प्रश्नात ‘विसावा’ हे उत्तर हमखास येते. पाया सारखा असला की घातांकांची बेरीज करायची हे पाठ असते, पण ती गुणाकाराची गोष्ट आहे आणि इथे बेरीज विचारली आहे. 2¹⁰ दोनदा घेतला म्हणजे 2 × 2¹⁰, म्हणून 2¹¹. सहाव्या प्रश्नाला 1/2 लिहिणाऱ्याने 4 ला 8 ने भागले. त्याने 8 आणि 4 दोन्ही 2 च्या घातांत लिहिले की काम होते: 8 = 2³, 4 = 2², म्हणून 8 चा 2/3 वा घात 4.

पाचवा प्रश्न सोपा आहे. 7 च्या घातांचे एकक अंक 7, 9, 3, 1 असे फिरत राहतात. 50 ला 4 ने भागून बाकी 2 उरते, म्हणून 9.

पहिला प्रश्न मात्र फळ्यावर लिहूनच द्यावा. ‘वजा दोनचा चौथा घात’ असे तोंडाने म्हटले तर ऐकणाऱ्याला कंस कळत नाही. गणिताच्या लेखनसंकेतात घात आधी आणि उणे चिन्ह नंतर, म्हणून −2⁴ = −16 आणि (−2)⁴ = 16. एक्सेलमध्ये =-2^4 टाइप केले तर मात्र 16 मिळते, कारण तिथे उणे चिन्हाला घाताआधी मान आहे. पायथनमध्ये -2**4 चे उत्तर -16 येते. संगणकावर पडताळा पाहून वाद घालायला येणाऱ्या मुलाला हा फरक दाखवावा.

2³⁰ आणि 3²⁰

चौथा प्रश्न या संचातला सर्वांत सुंदर. घातांक मोठा म्हणून 2³⁰ मोठा असे बरीच मुले चटकन लिहून मोकळी होतात. घातांक सारखे करून घेतले की गणित उघडते: 2³⁰ = (2³)¹⁰ = 8¹⁰ आणि 3²⁰ = (3²)¹⁰ = 9¹⁰. प्रत्यक्षात 2³⁰ म्हणजे 1,07,37,41,824 आणि 3²⁰ म्हणजे 3,48,67,84,401. 8 आणि 9 मधला एवढासा फरक दहा वेळा गुणला जाऊन तिपटीहून अधिक झाला आहे.

पण यातून ‘मोठा पाया जिंकतो’ असा नवाच गैरसमज होऊ शकतो. म्हणून पुढच्या वेळी 2⁸⁰ आणि 3⁵⁰ यांची तुलना द्यावी. तिथे 256¹⁰ आणि 243¹⁰ असे रूप येते आणि लहान पाया जिंकतो. दोन्ही प्रश्न लॉगनेही सुटतात. log 2 = 0.3010 आणि log 3 = 0.4771 धरले, तर 30 × 0.3010 = 9.03 आणि 20 × 0.4771 = 9.542. आठवीच्या मुलाने घातांक जुळवून आणि अकरावीच्या मुलाने लॉगने एकच उत्तर काढले की ते दोघांनाही फळ्यावर मांडायला लावावे.

गुणाकाराची बेरीज

सातव्या प्रश्नात log 29 हे उत्तर आले तर दुखणे उघड आहे. लॉगांची बेरीज म्हणजे संख्यांच्या गुणाकाराचा लॉग: log 100 = 2. हा नियम भारतात जुना आहे. नवव्या शतकातील जैन आचार्य वीरसेन यांच्या ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ ही कल्पना येते. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. 32 चा अर्धच्छेद 5, म्हणजे आजच्या भाषेत log₂ 32. दोन संख्यांच्या गुणाकाराचा अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हेही तिथे सांगितले आहे. आकडेमोडीसाठी कोष्टके मात्र पुढे युरोपात झाली. जॉन नेपियर यांचे पुस्तक १६१४ मध्ये आले, आणि हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये 10 हा पाया घेऊन चौदा दशांश स्थळांची मोठी कोष्टके छापली.

आठवा प्रश्न लांबलचक दिसतो, म्हणून मुले घाबरतात. log₂ 3 ची किंमत काढायला बसले की वेळ गेलाच. ती किंमत लागतच नाही. log₂ 3 × log₃ 4 = log₂ 4, पुढे log₄ 5 ने गुणले की log₂ 5, आणि असे करत शेवटी log₂ 8 = 3 उरते.

नवव्या प्रश्नात x(x − 2) = 8 असे समीकरण मिळते. त्याची उत्तरे 4 आणि −2. पण x उणे असेल तर log₂ x ला वास्तव संख्यांत अर्थच नाही, म्हणून फक्त 4. ‘4 आणि −2’ लिहिणाऱ्याला अर्धा गुण देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण −2 गाळणे हाच या प्रश्नाचा मुद्दा आहे. 5 हे उत्तर आले तर मुलाने x + (x − 2) = 8 केले आहे, म्हणजे तो सातव्या प्रश्नातच अडकलेला आहे.

2¹⁰⁰ चे अंक

दहा मध्ये दोन अंक, शंभर मध्ये तीन, हजारात चार. म्हणजे संख्येच्या लॉगचा पूर्णांक भाग घेऊन त्यात 1 मिळवला की अंकांची संख्या मिळते. 100 × 0.3010 = 30.10, म्हणून 31 अंक. ‘तीस’ हे उत्तर देणारा शेवटचा 1 मिळवायला विसरला. बारावी विज्ञान शाखेच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते, त्यामुळे 0.3010 हा आकडा मुलांना तोंडपाठच असतो.

तो ठाऊक नसला तरी वाट आहे. 2¹⁰ = 1024, म्हणजे हजाराहून थोडा जास्त. म्हणून 2¹⁰⁰ हा 10³⁰ पेक्षा थोडा मोठा, आणि 10³⁰ ला 31 अंक. मात्र ‘थोडा’ म्हणजे किती, हे पाहायला हवे. 1024 ला हजार धरून आपण दर वेळी 1.024 पटीची चूक करतो. दहा वेळा केली तर ती सुमारे 1.27 पट होते आणि अंकांची संख्या बदलत नाही: 2¹⁰⁰ = 1267650600228229401496703205376. पण 2¹⁰⁰⁰ साठी हीच चूक शंभर वेळा साठते आणि दहा पटींच्या पुढे जाते. 10³⁰⁰ धरून 301 अंक असे उत्तर येते, खरे अंक 302 आहेत. बरोबरी सुटत नसेल तर हा प्रश्न शेवटी टाकावा.

लॉग टेबललाही मर्यादा आहेच. 2¹⁹⁶ साठी 196 × 0.3010 = 58.996 येते आणि 59 अंक असे वाटते. पाच दशांश स्थळांचा log 2 = 0.30103 घेतला तर गुणाकार 59.0019 होतो. संख्या प्रत्यक्षात 60 अंकी आहे. चार स्थळांच्या किमतीत राहिलेली 0.00003 ची उणीव 196 ने गुणली जाऊन सुमारे 0.006 झाली आणि तेवढ्याने पूर्णांक ओलांडायचा राहिला. म्हणून प्रश्न काढणाऱ्याने आपला घातांक आधी तपासावा. गुणाकार पूर्णांकाच्या अगदी कडेला पडत असेल, तर तो घातांक तोंडी प्रश्नासाठी घेऊ नये, किंवा log 2 ची पाच स्थळांची किंमत फळ्यावर लिहून द्यावी.