उंच ग्लासात कमी का मावते? एका छोट्या धड्याची पार्श्वभूमी

प्राथमिक शाळेत धारकता शिकवताना टेबलावर दोन भांडी येतात. एक उंच, अरुंद ग्लास आणि एक बसका, रुंद पेला. "कशात जास्त पाणी मावेल?" असे विचारले की बहुतेक बोटे उंच ग्लासाकडे वळतात. मग बाई ग्लास काठोकाठ भरून पेल्यात ओततात आणि पेला रिकामाच राहतो, वरची तीन-चार बोटे तरी. दहा मिनिटांत धडा संपतो.

या दहा मिनिटांत दोन निरनिराळे प्रश्न एकत्र येतात. उंच भांडे मुलांना मोठे का वाटते, हा एक. रुंद भांड्यात खरोखर जास्त का मावते, हा दुसरा. पहिला मानसशास्त्राचा आहे आणि त्याचे वय शंभर वर्षांच्या आतले. दुसरा भूमितीचा, फार जुना. शिकवताना ते वेगळे ठेवले नाहीत तर मुलाला आपण चुकलो एवढे कळते, का चुकलो ते कळत नाही.

पहिल्या प्रश्नाचा माग काढत गेले की आपण स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात पोहोचतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. बरोबर उत्तरे मोजण्याचे ते काम. पण त्यांचे लक्ष चुकीच्या उत्तरांकडे गेले, कारण एका वयाची मुले पुष्कळदा एकाच तऱ्हेने चुकत होती. १९२१ मध्ये ते जिनिव्हाच्या रूसो संस्थेत आले. तिथे अलिना शेमिन्स्का या पोलिश मानसशास्त्रज्ञ बाईंबरोबर त्यांनी मुलांच्या संख्याकल्पनेवर पुस्तक लिहिले. ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या धड्यातले दोन पेले त्याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातून शाळांमध्ये आले.

तिथली रीत अशी. दोन अगदी सारख्या पेल्यांत सारखे सरबत. मुलाला विचारायचे, दोघांत सारखे आहे का? मूल "सारखे" म्हणाले की त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले सरबत उंच, अरुंद भांड्यात ओतायचे आणि पुन्हा विचारायचे. चार-पाच वर्षांचे मूल ठामपणे सांगते की आता उंच भांड्यात जास्त आहे. ते खोटे बोलत नसते. पाण्याची पातळी वर गेली हे त्याला स्पष्ट दिसते आणि तेवढ्या एकाच खुणेवर ते निर्णय देते. त्याच्यापेक्षा थोडे मोठे मूल घुटमळते. दोन भांड्यांत फरक थोडा असला तर "सारखे", फार असला तर "जास्त". साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास मूल सहज म्हणते, "सारखंच आहे की!" कारण विचारले तर तीनपैकी एक सांगते. काही घातले नाही, काही काढले नाही. परत ओतले तर होते तेवढेच भरेल. किंवा, हे उंच आहे पण बारीक आहे.

तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या वाक्यात मूल दोन मापे एकाच वेळी मनात धरते आणि एकातली वाढ दुसऱ्यातल्या घटीशी ताडून पाहते. धारकतेचा धडा उभा राहतो तो याच वाक्यावर. तिथवर न पोहोचलेल्या मुलाला गुणाकाराचे सूत्र दिले तर ते पाठ करते, पण डोळा पातळीवरच राहतो.

जिनिव्हाच्या या निष्कर्षांना पुढे धक्केही बसले, आणि ते धक्के वर्गात फार उपयोगी आहेत. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या गटाने ओतताना मध्ये पडदा धरला. मुलांना भांड्याचे वरचे टोक दिसे, पाण्याची पातळी दिसत नसे. पातळी डोळ्यांसमोर नसली की पुष्कळ लहान मुलेही म्हणत, पाणी तेच आहे. त्याच गटातल्या पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी सेनेगलमध्ये वोलोफ मुलांबरोबर हा प्रयोग केला. मोठ्या माणसाने ओतले तेव्हा काही मुलांना वाटले की ओतणाऱ्याच्या हातातच काही करामत आहे. मुलांनी स्वतः ओतले तेव्हा "सारखे" म्हणणाऱ्यांची संख्या खूप वाढली. स्वतःच्या हाताने तशी करामत होत नाही हे त्यांना ठाऊक होते.

तिसरा धक्का प्रश्न विचारण्याच्या पद्धतीला बसला. १९७४ मध्ये सुझन रोझ आणि मेरियन ब्लँक यांनी वस्तूंच्या रांगा घेऊन असाच प्रयोग केला, पण सुरुवातीचा "सारखे आहे का?" हा प्रश्न गाळला. रांगेत बदल केल्यावर एकदाच विचारले. सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. मोठे माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारते तेव्हा मुलाला वाटते की पहिले उत्तर चुकले असावे. आपल्या वर्गांत तर ही सवय पक्की मुरलेली. बाईंनी "नक्की?" म्हटले की मूल लगेच उत्तर फिरवते. म्हणून या धड्यात प्रश्न एकदाच विचारावा आणि ओतण्याचे काम मुलांच्या हाती द्यावे, थोडे पाणी सांडले तरी.

वय वाढले म्हणून डोळ्याची ही ओढ पुरती जात नाही. प्रिया रघुवीर आणि अराधना कृष्णा यांनी १९९९ मध्ये प्रौढांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच मापाच्या भांड्यांपैकी लांबट भांडे प्रौढांनाही मोठे वाटत होते. गंमत पुढे होती. प्यायल्यानंतर त्याच लांबट भांड्यातून आपण कमी प्यायलो असे त्यांना वाटे, कारण अपेक्षा जास्तीची होती. पाणी तेवढेच राहते हे मोठ्यांना कळते, पण समोर दोन वेगळी भांडी असली की अंदाज उंचीकडेच झुकतो.

आता दुसरा प्रश्न. उंची आणि रुंदी या दोन्हींना सारखेच वजन का नाही?

याचे एक जुने उत्तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे, ११५० च्या सुमाराचे. त्यातल्या राशिव्यवहार या भागात धान्याची रास मापायची रीत दिली आहे. राशीच्या घेराचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, मग उंचीने गुणा. इथे घेर दोनदा गुणला जातो, उंची एकदाच. रास दुप्पट उंच झाली तर धान्य दुप्पट, पण घेर दुप्पट झाला तर चौपट. रास वर निमुळती होते, ग्लास सरळ असतो, म्हणून ग्लासाचा भागाकार वेगळा येईल. पण घेराचा वर्ग आणि उंची एकदाच, हे दोन्हींत तसेच राहते.

पुढे १६३८ मध्ये गॅलिलिओच्या दोन नव्या विज्ञानांवरील संवादात धान्याच्या पोत्याचे कोडे आले. कापडाचा आयताकृती तुकडा, एक बाजू सहा हात, दुसरी बारा. तो गोल शिवून लाकडी तळ बसवायचा. बारा हातांची बाजू तळाभोवती गुंडाळून उंची सहा हात ठेवली तर पोत्यात जास्त मावते, उलट केले तर कमी. कापड तेवढेच. गॅलिलिओने प्रमाणही सिद्ध केले. अशा दोन पोत्यांत उंची जितक्या पटीने जास्त, तितक्या पटीने मावणारे धान्य कमी. म्हणजे बारा हात उंचीच्या पोत्यात सहा हातांच्या पोत्याच्या निम्मेच.

हे कोडे वर्गात आणायला ए-फोर आकाराचे दोन कागद पुरतात. कागद २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर लांब असतो. एकाची उंच नळी करायची, दुसऱ्याची बसकी. कडा एकमेकींवर न चढवता टेकवून चिकटपट्टी लावायची. बसकी नळी ताटात उभी करून उंच नळी तिच्या आत उभी ठेवायची आणि आतल्या नळीत काठापर्यंत ज्वारी भरायची. मग मुलांना अंदाज करायला सांगून आतली नळी हळूच वर काढायची. ज्वारी पसरते आणि बसक्या नळीत सुमारे १५ सेंटीमीटरवर थांबते, काठ अजून ६ सेंटीमीटर वर असतो. ए-फोरच्या दोन बाजूंचे प्रमाणच असे ठेवलेले आहे की बसक्या नळीचा तळ उंच नळीच्या तळाच्या बरोबर दुप्पट होतो. तळ दुप्पट, म्हणून ज्वारीची उंची निम्मी. २९.७ चे निम्मे १४.८५.

ज्वारी ओतणे झाले की मुलांना पेल्यांकडे परत आणावे. संख्येचा वर्ग करायला न शिकलेल्या मुलांनाही दोन्हींचा हिशेब करता येतो, चौकोनी वहीच्या कागदावर, चौकट एक सेंटीमीटरची. समजा उंच ग्लास आतून ५ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल आहे. पेला आतून ८ रुंद आणि ९ खोल. कंपासने तेवढी वर्तुळे कागदावर काढायची. पहिल्यात सुमारे २० चौकटी बसतात, दुसऱ्यात सुमारे ५०. कडेच्या अर्ध्यामुर्ध्या चौकटी जोडून मोजायच्या. आता एक सेंटीमीटर जाडीचा पाण्याचा थर मनात आणायचा. ग्लासाच्या एका थरात २० घन सेंटीमीटर, असे १५ थर म्हणजे ३००. पेल्याच्या एका थरात ५०, असे ९ थर म्हणजे ४५०. ग्लासाने सहा थर जास्त चढवले, पण त्याचा प्रत्येक थर पेल्याच्या थराच्या निम्म्याहूनही लहान.

मापे घेताना दोन चुका हमखास होतात. काचेच्या ग्लासाचा तळ जाड असतो, म्हणून उंची बाहेरून मोजली तर ती जास्त येते. आत काडी उभी करून काठाशी खूण करावी. रुंदीही आतून घ्यावी, काचेच्या जाडीसकट नव्हे. स्टीलचा ग्लास तर खाली निमुळता असतो. त्याच्या तोंडाची रुंदी धरली तर उत्तर फुगते, मधली रुंदी धरली तर बऱ्यापैकी जवळ येते. मोजणी बरोबर झाली का हे शेवटी मापपात्रात ओतून बघावे. वीस-तीस मिलिलिटरचा फरक राहिला तर तो चौकटी जोडण्यातला असतो, शंभराचा राहिला तर मापच बाहेरून घेतलेले असते.

आणि मुलांनी यातून "बुटक्यात नेहमी जास्त" असा नियम काढू नये, म्हणून एक प्रश्न त्यांच्यापुढे टाकायचा. हाच ५ सेंटीमीटरचा ग्लास किती उंच केला तर पेल्याची बरोबरी करेल? ४५० ला २० ने भागायचे. साडेबावीस सेंटीमीटरच्या आसपास दोन्हींत सारखे मावेल, आणि त्याहून उंच नळी घेतली तर पेला हरेल.