कानाने ऐकलेला पर्याय किती वेळ टिकतो?

कागदावरची प्रश्नावली घ्यायची, चांगल्या आवाजात रेकॉर्ड करायची, प्रत्येक पर्यायाला 'एक दाबा, दोन दाबा' जोडायचं आणि ती फोनवर वाजवायची, की वाचता न येणाऱ्यांसाठीचं सर्वेक्षण तयार झालं, असा समज सर्रास आढळतो. अशा सर्वेक्षणाला उत्तरं मिळतातही. खरी फसगत तिथेच होते, कारण चुकीच्या उत्तराचा आकडाही तक्त्यात बरोबर उत्तराइतकाच नीटनेटका दिसतो. कागदावरचा प्रश्न डोळ्यांसमोर थांबलेला असतो, तर फोनवरचा प्रश्न वाजून संपतो. हा फरक लक्षात आला की प्रश्नाची वाक्यरचना, पर्यायांची संख्या, मधली शांतता असं सगळंच नव्याने ठरवावं लागतं.

एकच प्रश्न घेऊन पाहू. 'तुमच्या घरी प्यायचं पाणी कुठून येतं?' पर्याय पाच: नळ, विहीर, हातपंप, टँकर, नदी. प्रश्न बोलायला साधारण ३ सेकंद लागतात. प्रत्येक पर्यायाला २ सेकंद आणि दोन पर्यायांमध्ये १ सेकंदाची शांतता धरली, तर पहिला पर्याय पाचव्या सेकंदाला संपतो आणि शेवटचा सतराव्या. म्हणजे ज्याच्या घरी नळ आहे, त्याने 'नळ म्हणजे एक' ही जोडी १२ सेकंद मनात धरून ठेवायची, आणि तेवढ्यात आणखी चार जोड्या कानावर आदळत राहणार.

वाचता येणारा माणूस अशा वेळी हाताशी असेल त्या कागदावर आकडा खरडतो. ज्याला ती सोय नाही, त्याची सगळी भिस्त कामचलाऊ स्मृतीवर असते. मनात घोकायला सवड मिळाली नाही, तर या स्मृतीत एका वेळी चारेक गोष्टीच मावतात, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये अनेक प्रयोगांच्या आधारे मांडला. इथे तर फक्त पर्याय लक्षात ठेवून भागत नाही, त्याला चिकटवलेला आकडाही लागतो. विहिरीचा आणि दोनचा अर्थाने काहीही संबंध नाही. १९९८ मध्ये पोर्तुगालमध्ये झालेल्या एका अभ्यासात निरक्षर व्यक्तींनी खरे शब्द ऐकून साक्षरांइतकेच चांगले उच्चारले, पण निरर्थक बनावट शब्द उच्चारताना ते अडखळले. त्यावरून माझा अंदाज असा की अडचण 'विहीर' लक्षात ठेवण्याची नसून 'विहीर–दोन' ही मनमानी जोडी लक्षात ठेवण्याची आहे. यात बुद्धीचा काही संबंध नाही. अक्षरओळखीने लागणारी एक सवय इथे नसते, इतकंच.

अशा वेळी माणूस काय करतो? जे कानात अजून घुमतंय ते दाबतो, म्हणजे शेवटचा पर्याय. जॉन क्रॉस्निक आणि ड्युएन अल्विन यांनी १९८७ मध्ये ही मांडणी केली: पर्याय डोळ्यांनी वाचताना पहिल्यांकडे कल जातो, कानाने ऐकताना शेवटच्यांकडे. आता यावर उपाय म्हणून पर्याय ऐकतानाच बटण दाबायची मुभा दिली, तर कल उलटतो. घाईतला माणूस जरासा जुळणारा पहिलाच पर्याय दाबून मोकळा होतो. मुभा द्यायची की नाही हे ठरवणं म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी चूक पत्करणं. म्हणून आधी पर्याय कमी करायला हवेत, मग बाकीचं.

पाच पर्यायांचा तो प्रश्न दोन पायऱ्यांत मोडता येतो. आधी विचारायचं, 'प्यायचं पाणी घरी नळाने येत असेल तर एक दाबा. बाहेरून आणावं लागत असेल तर दोन दाबा.' दोन दाबणाऱ्यालाच पुढचा प्रश्न. तिथे विहीर आणि हातपंप एकत्र केले तरी चालत असेल, तर तीनच पर्याय उरतात: विहीर किंवा हातपंप, टँकर, नदी. एका वेळी तीनपेक्षा जास्त पर्याय नकोत, ही मर्यादा मी काटेकोरपणे पाळायला सांगेन. वाक्यात अर्थ आधी आणि आकडा शेवटी आला पाहिजे. 'एक दाबा, जर नळ असेल तर' अशी रचना असली, की ऐकणाऱ्याला तो आकडा आपल्या कामाचा आहे की नाही हे कळायच्या आधीच तो धरून ठेवावा लागतो. 'नळ असेल तर एक दाबा' या वाक्यात तो आधी स्वतःचं उत्तर ओळखतो आणि लगेच आकडा उचलतो. आपल्या भाषेचा स्वाभाविक क्रमही हाच आहे. इंग्रजी प्रश्नावलीचं शब्दशः भाषांतर करताना तो मोडतो. आणि ज्या प्रश्नांना हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे, तिथे 'हो'ला सगळीकडे एकच आकडा असावा. मध्येच अदलाबदल केली, तर शहाणासुरता माणूसही सवयीने चुकतो.

बटणांचंही एक शास्त्र आहे. वाचता येत नसलं तरी फोन लावणाऱ्या बहुतेकांना आकडे ओळखता येतात, काहींना ते जागेवरून ठाऊक असतात. म्हणून १, २, ३ ही वरची ओळ पुरवून पुरवून वापरावी. तारा आणि हॅश ही चिन्हं टाळावीत, कारण त्यांची नावंच अनेकांना माहीत नसतात. वय विचारायचं असेल तर 'दोन आकडे दाबा' म्हणावं आणि दुसरा आकडा आला की यंत्रणेने आपणहून पुढे जावं.

बटण दाबल्यावर पुढे जे घडतं, ते मला फार आवडतं. प्रत्येक बटणाला एकदम दोन सूर नेमलेले आहेत. १ साठी ६९७ आणि १२०९ हर्ट्झ, ५ साठी ७७० आणि १३३६ हर्ट्झ. आडव्या ओळीचा एक सूर, उभ्या रांगेचा एक. दोन्ही मिळाले की बटण ठरतं. एकच सूर ठेवला असता, तर शिट्टीने किंवा बोलण्यातल्या एखाद्या स्वराने यंत्रणा फसली असती. नेमके हेच दोन सूर बरोबरीने आणि सारख्या जोराने माणसाच्या गळ्यातून निघणं अवघड. म्हणूनच १९६३ पासून ही पद्धत टिकून आहे. बोललेला शब्द ओळखणारी यंत्रणा याहून सोपी ठरेल अशी जाहिरात नेहमी होते, पण २००९ साली गुजरातमधल्या ग्रामीण वापरकर्त्यांबरोबर झालेल्या तुलनेत बटणांनीच काम जास्त वेळा तडीस गेलं. बटण दाबलं की फोन हॅक होतो, ही अफवाही याच सुरांच्या अज्ञानातून येते. सर्वेक्षणात १ दाबल्याने पलीकडे दोन सूर पोचतात, बाकी काही होत नाही. पिन किंवा कार्डाचा नंबर मात्र कुणाच्याही सांगण्यावरून दाबू नये, कारण सुरांतून ते आकडे जसेच्या तसे पलीकडे जातात.

आता थोडा कठीण भाग. यंत्रणेने प्रत्येक उत्तराबरोबर एक वेळ नोंदवलीच पाहिजे: प्रश्न सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंदांनी बटण दाबलं गेलं. तीन पर्यायांच्या प्रश्नात प्रश्न ३ सेकंदांचा, पर्याय ३ ते ५, ६ ते ८ आणि ९ ते ११ या सेकंदांत. नोंद अशी दिसेल:

```
call  q   key  at_ms
0417  q3  3     7200
0418  q3  2    14900
0419  q3  1      300
```

पहिल्या कॉलमध्ये ३ हे उत्तर ७.२ सेकंदांना आलं, पण तिसरा पर्याय नवव्या सेकंदाला सुरू होतो. म्हणजे तो ऐकलाच नाही. असं उत्तर मोजू नये. दुसऱ्यात पर्याय संपल्यावर जवळपास ४ सेकंदांनी उत्तर आलं, आणि ते अगदी निरोगी आहे. फोन कानापासून काढायचा, स्मार्टफोन असेल तर विझलेली स्क्रीन उजळायची, आकड्यांचा पट उघडायचा, मग दाबायचं, यात तेवढा वेळ जातोच. त्यामुळे शेवटच्या पर्यायानंतर निदान ७ सेकंद शांत राहावं. तीन सेकंदांतच 'आपण उत्तर दिलं नाही' असं वाजलं, तर कानापासून लांब असलेल्या फोनमधून ते ऐकूही येत नाही. तिसऱ्या कॉलमधलं ३०० मिलिसेकंदांचं उत्तर या प्रश्नाचं नव्हेच. आधीच्या प्रश्नाला बटण दोनदा दाबलं गेलं, किंवा लांब दाबलेला सूर खराब लाइनवर मध्ये तुटून दोनदा मोजला गेला, आणि दुसरा ठोका पुढच्या प्रश्नात सांडला. प्रत्येक प्रश्न सुरू होताना साठलेली बटणं पुसून टाकावीत आणि पहिल्या एका सेकंदात आलेलं काहीही धरू नये.

एवढं करूनही शेवटच्या पर्यायाची ओढ उरते. ती मोजायची तर अर्ध्या लोकांना पर्याय उलट क्रमाने ऐकवायचे. समजा, बाहेरून पाणी आणणाऱ्या १,००० जणांचे ५००चे दोन गट केले आणि या वेळी टँकर एका गटात शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला ठेवला. शेवटी असताना १९० जणांनी टँकर निवडला, सुरुवातीला असताना १५० जणांनी. म्हणजे ३८ टक्के आणि ३० टक्के, फरक ८ टक्क्यांचा. नुसत्या योगायोगाने किती फरक पडू शकतो ते गणिताने काढता येतं: p म्हणजे गटात टँकर निवडणाऱ्यांचा वाटा आणि n म्हणजे गटातली माणसं धरून, दोन्ही गटांसाठी p(1−p)/n काढून बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं.

```
sqrt(0.38*0.62/500 + 0.30*0.70/500) = 0.030
```

उत्तर ३ टक्के. आपला फरक त्याच्या अडीचपटीहून मोठा आहे, म्हणजे हा क्रमाचाच परिणाम. सरासरी काढून '३४ टक्के' छापता येईल, पण ती सरासरी म्हणजे खरं उत्तर नव्हे. एका गटात टँकरला मिळालेला फायदा दुसऱ्या गटातल्या तोट्याशी नेमका फिटेलच असं नाही. त्यामुळे सरासरीशेजारी तो ८ टक्क्यांचा फरकही छापावा, आणि '३६ टक्क्यांवरून ३३ वर घसरण' असले निष्कर्ष अशा प्रश्नावरून काढू नयेत.

सुरुवातीला एक सरावाचा प्रश्न ठेवला तर पुष्कळ गोंधळ आधीच कळतो: 'तुमच्या फोनवरचा पाच आकडा दाबा.' बटणांच्या फोनवर पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागतो. बरोबर दाबलं की छोटा टिंग आवाज द्यावा. दोनदा सांगूनही ५ आला नाही, तर त्या नंबरावर माणसाने फोन करून प्रश्न विचारावेत आणि ती उत्तरं वेगळी मोजावीत. त्यांना गाळून टाकलं, तर जे बटणांना सरावलेले नाहीत तेच गळतात, आणि हे सर्वेक्षण तर त्यांच्यासाठीच होतं.

उरते ती एक गोष्ट, उत्तराची गुप्तता, जी नुसत्या बटणांनी पुरती राखता येत नाही. कानाला लावलेल्या फोनवर १ दाबला, तर शेजारच्याला प्रश्नही कळत नाही आणि उत्तरही. तोंडी मुलाखतीपेक्षा ही मोठी सोय आहे. पण स्मार्टफोनवर आकड्यांचा पट शोधण्याच्या खटपटीत लोक स्पीकर चालू करतात, आणि मग प्रश्न घरभर ऐकू जातो. म्हणून मारहाण, कर्ज, आजार असे प्रश्न पाणी आणि रेशनाच्या प्रश्नांबरोबर एकाच कॉलमध्ये गुंफू नयेत. ते वेगळ्या कॉलमध्ये, उत्तर देणाऱ्याने स्वतः सांगितलेल्या वेळी विचारावेत, आणि 'आत्ता बोलता येत नसेल तर दोन दाबा' हे वाक्य पहिल्या प्रश्नाच्याही आधी यावं.