अन्न सुरक्षा अधिकारी परीक्षा: पात्रता, कागदपत्रे आणि पाण्याच्या प्रश्नांत जाणारे गुण

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनातील अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांची भरती एमपीएससीमार्फत होते. ऑनलाइन खाते, फोटो-सही आणि शुल्क यांत फारसे कोणी अडकत नाही. अडचण येते ती पदवीच्या नावात, प्रमाणपत्रांच्या तारखांत आणि पेपरातल्या पाण्याच्या प्रश्नांत.

आधी पदवी. २०११ च्या अन्न सुरक्षा व मानके नियमांत अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेल तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि वैद्यक या पदव्या येतात. रसायनशास्त्राला मात्र पदव्युत्तर पदवी लागते. बी.एस्सी. केमिस्ट्रीवर अर्ज भरणारे दरवेळी असतात आणि छाननीत ते बाद होतात. तीन विषयांपैकी एक सूक्ष्मजीवशास्त्र असलेल्या बी.एस्सी.वाल्यांनी पदवी प्रमाणपत्रावर नेमके काय छापले आहे ते आधी पाहावे. जाहिरातीतल्या शब्दांशी ते जुळत नसेल, तर विद्यापीठाकडून लेखी खुलासा अर्जाआधीच घ्यावा. पडताळणीच्या टेबलावर तोंडी सांगितलेले कोणी ऐकत नाही.

दुसरे, तारखा. अर्हता आणि नॉन-क्रिमीलेयर जाहिरातीत दिलेल्या दिनांकाला धरून मोजतात, मुलाखतीच्या दिनांकाला नाही. निकाल लागायचा आहे पण मुलाखतीपर्यंत लागेल, हा हिशेब चालत नाही. सेतू केंद्रात नॉन-क्रिमीलेयरला वेळ लागतो हे सगळ्या यंत्रणेला माहीत आहे, तरी मुदत हुकल्याचा भुर्दंड उमेदवारालाच पडतो. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता चालू वर्षाचे प्रमाणपत्र काढून ठेवा.

आता पाणी. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो आणि पाण्यावरचे पर्याय मुद्दाम जवळजवळचे दिलेले असतात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५००, त्याची आवृत्ती २०१२ ची. त्यात बहुतेक घटकांना दोन मर्यादा आहेत. पहिली स्वीकारार्ह मर्यादा, पाणी शक्यतो याच्या आत हवे. दुसरी अनुज्ञेय मर्यादा, ती फक्त दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तेव्हाच. एकूण कठीणपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, २०० आणि ६०० मिलिग्रॅम प्रति लिटर. एकूण विरघळलेले घन पदार्थ ५०० आणि २०००. जुन्या गाइडांत कठीणपणाची पहिली मर्यादा ३०० दिलेली दिसेल. ती १९९१ च्या आवृत्तीतली आहे आणि झेरॉक्स नोट्समधून अजून फिरते.

काही घटकांना मात्र सवलतच नाही. पीएच ६.५ ते ८.५ आणि नायट्रेट ४५ ही त्यातली नेहमी विचारली जाणारी जोडी. फरक कुठे पडतो ते एका नमुना प्रश्नावर पाहू.

फळांचा पल्प बनवणाऱ्या कारखान्याच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल असा: पीएच ७.४, कठीणपणा २८४, विरघळलेले घन ६२०, नायट्रेट ५२, उर्वरित मुक्त क्लोरीन शून्य, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळले नाही. पाणी वापरण्यायोग्य आहे का?

घाईत वाचणारा कठीणपणावर बोट ठेवतो, कारण २८४ हा आकडा २०० च्या वर दिसतो. पण तो आणि ६२० दोन्ही मधल्या पट्ट्यात आहेत. दुसरा स्रोत नसेल तर ते चालतील. क्लोरीन शून्य दिसले म्हणून नापास करणेही चूक, कारण किमान ०.२ ची अट पाणी क्लोरीनयुक्त केलेले असेल तेव्हाच आणि वापराच्या टोकाला लागू होते. पाणी नाकारले जाते ते नायट्रेटमुळे. ५२ ला सवलत नाही.

याला जोडून उपाय विचारतात आणि तिथे अर्धे उमेदवार सॉफ्टनर लिहितात. सॉफ्टनरमधले राळेचे कण कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन सोडियम सोडतात. नायट्रेट ऋणभारित असल्याने ते तसेच पुढे जाते. उकळल्याने पाणी आटते, म्हणजे नायट्रेट उलट दाट होते. क्लोरीनचाही उपयोग नाही. आरओ किंवा ऋणायन विनिमय, नाहीतर स्रोत बदलणे, हे बरोबर उत्तर.

कठीणपणाचे गणित सोपे आहे, पण नमुन्याचे आकारमान विसरले की चुकते. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ५० मिलिलिटर नमुन्याला १४.२ मिलिलिटर लागले, तर १४.२ × १००० ÷ ५० = २८४. दर्शक एरिओक्रोम ब्लॅक टी, पीएच सुमारे १०, रंग वाइनसारख्या लालवरून निळ्यावर येतो. बफर कमी पडला की पीएच उतरतो, अंत्यबिंदू रेंगाळतो आणि वाचन भरवशाचे राहत नाही. प्रात्यक्षिकावरच्या प्रश्नांत हेच कारण विचारतात.

पुढचा टप्पा तात्पुरत्या आणि कायम कठीणपणाचा. वरच्या पाण्याची अल्कता १८० दिली असेल, तर तात्पुरता कठीणपणा १८० आणि कायम १०४. अल्कता ३०० असेल तर सगळा कठीणपणा तात्पुरता धरायचा, ऋण उत्तर काढायचे नाही. बॉयलरच्या नळ्यांत कार्बोनेटचे कवच धरते ते या तात्पुरत्या भागामुळे.

क्लोरीनमध्ये सर्वांत जास्त गुण ०.२ या एका आकड्यावर जातात. पिण्याच्या पाण्यात तो किमान आहे. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर किमान ०.५. पॅकबंद पिण्याच्या पाण्याच्या आयएस १४५४३ मध्ये मात्र हाच ०.२ कमाल आहे. प्रश्नात ‘पॅकबंद’ हा शब्द आहे का, एवढे पाहिले तरी पुरे.

मात्रेच्या गणितात क्लोरीनची मागणी आणि उर्वरित क्लोरीन यांची बेरीज करायची असते. २०,००० लिटरची टाकी, मागणी १.८, हवे ते उर्वरित ०.५. म्हणजे लिटरमागे २.३ मिलिग्रॅम, एकूण ४६ ग्रॅम क्लोरीन. हे शुद्ध क्लोरीनचे वजन झाले. ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर ताजी असताना साधारण ३३ टक्के असते. उघडी, ओलसर राहिली की ताकद उतरते. प्रश्नात २५ टक्के दिले असेल तर ४६ ÷ ०.२५ = १८४ ग्रॅम. सवयीने ३३ घातले की १३९ येते आणि पर्यायांत तेही हमखास ठेवलेले असते.

संपर्काचा वेळ किमान ३० मिनिटे धरतात, तोही पीएच ८ च्या खाली असताना. पीएच वाढला की हायपोक्लोरस आम्लाचे हायपोक्लोराइट होते आणि तेवढ्याच क्लोरीनची मारक शक्ती घटते. ओटी टेस्टला पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे एवढेच कळते. पाणी जंतुमुक्त आहे याचा पुरावा जीवाणू तपासणीचा अहवालच देतो, आणि या दोन विधानांपैकी एक निवडायला लावणारा प्रश्न वाचताना ‘दर्शवते’ आणि ‘सिद्ध करते’ या क्रियापदांवर नजर ठेवा.