बाहेरून येणारा पेशंट, बॅलन्सची समीकरणं आणि जुना एक वाद

जन्म-मृत्यू प्रक्रिया म्हणजे काय ते इथे पुन्हा सांगत नाही, वाचणाऱ्यांना माहीतच आहे. फक्त जन्माचा हिशोब 1925 च्या आसपास नव्या जाती कशा फुटतात यासाठी झाला, मृत्यूसकट समीकरणं 1939 मध्ये मांडली गेली, पण त्यात एक अडचण राहिली होती, ती म्हणजे संख्या एकदा शून्यावर गेली की तिथेच अडकते, त्यामुळे शून्य सोडून दुसरं कुठलं स्थिर वितरण निघतच नाही. 1940 च्या दशकात त्यात बाहेरून येणारे जोडले आणि चित्रच पालटलं.

नागपूरच्या धरमपेठेतली एक कॉलनी धरा आणि फ्लूचे पेशंट मोजा. आकडे मी सोयीचे घेतलेत. एक पेशंट सरासरी 4 दिवस आजारी असतो, म्हणजे बरं होण्याचा दर μ रोजचा 0.25. तो रोज 0.2 दराने दुसऱ्याला लागण देतो, तो λ. आणि स्टेशनवरून, बर्डीवरून ताप घेऊन येणारा सरासरी 10 दिवसांत एक, म्हणजे θ = 0.1.

प्रत्येक n साठी आत येणारं आणि बाहेर जाणारं समान धरलं की लांबलचक समीकरण होतं, पण शून्यापासून सुरुवात केली तर सगळं सुटतं. शून्यावर θp₀ = μp₁, हे पुढच्या समीकरणात टाकलं की अर्धे टर्म उडतात, आणि मग दर पायरीवर तेच होत जातं:

(nλ + θ) pₙ = (n+1) μ pₙ₊₁

n आणि n+1 च्या मधे एक रेघ ओढा, रेघेवरून उजवीकडे जितकं जातं तितकंच डावीकडे येतं, एवढंच हे आहे. गुणत गेलं की निगेटिव्ह बायनॉमियल मिळतं, त्यात r = θ/λ आणि दुसरा पॅरामीटर λ/μ.

आपल्या कॉलनीत r = 0.5 आणि λ/μ = 0.8. सरासरी θ/(μ−λ) = 2 पेशंट. पण p₀ = 0.2 चं वर्गमूळ, म्हणजे 0.447! सरासरी 2 असूनही 45 टक्के दिवस कॉलनीत एकही पेशंट नाही, तितक्याच सरासरीच्या पॉइसाँमध्ये हे फक्त 13.5 टक्के निघालं असतं. पुढे p₁ 0.179, p₂ 0.107, आणि शेपूट लांब, व्हेरियन्स 10. λ शून्य केला की पॉइसाँच उरतं. आणि λ जर μ एवढा किंवा जास्त झाला तर बेरीज फुगत जाते आणि लिमिटिंग वितरण राहतच नाही, हे विसरून लोक सूत्रात आकडे टाकतात. कॉलनीतली माणसं मर्यादित आहेत हेही या मॉडेलला माहीत नाही, म्हणून ते पेशंट थोडे असतानाच चालतं.

आता खरा गुंता. हेच वितरण 1920 मध्येच आलं होतं, ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगार बायकांच्या अपघातांवरून, आणि तिथे कारण वेगळं सांगितलं होतं: प्रत्येकीचा अपघाताचा धोका वेगवेगळा, तो गॅमा वितरणाने पसरलेला, आणि त्यावर पॉइसाँ. लागण नाही, जन्म नाही. तरी उत्तर अगदी तेच! मग ज्यांना निगेटिव्ह बायनॉमियल दिसलं त्यांनी ‘एकातून दुसरा’ असं कारण जोडलं, दुसऱ्यांनी ‘माणसामाणसात फरक’ असं, आणि ‘कंटेजन’ हा शब्द दोन्हीकडे सैलपणे वापरला गेला. माझ्या मते यातली मोठी चूक म्हणजे समीकरणातून वितरण निघतं म्हणून वितरणावरून समीकरण काढता येतं असं मानणं. शंभर कॉलन्यांचा एकाच दिवसाचा आकडा घेतला तर r आणि λ/μ मस्त फिट होतील, पण कॉलनीत लागण आहे की काही कॉलन्यांत बाहेरूनच जास्त लोक येतात, हे त्यातून कळणार नाही.

1943 मध्ये फुलपाखरांच्या जातींसाठी लॉग-सीरीज आली, तिचा दुवा 1948 मध्ये लागला: θ शून्याकडे नेला आणि फक्त रिकाम्या नसलेल्या अवस्था पाहिल्या की हीच लॉग-सीरीज. पण तिथेही वाद तोच राहतो.

सुटायचा मार्ग वेळेत आहे. रोजचा आकडा त्याच कॉलनीसाठी सलग घ्या. लागण असेल तर सरासरीपासूनचं अंतर e^(−(μ−λ)t) ने मिटतं, आपल्या आकड्यांत 20 दिवसांच्या मुदतीने, कारण एक गेला तरी त्याने लावलेले मागे राहतात. लागण नसेल तर तीच आठवण 4 दिवसांची, फक्त पेशंट बरा होईपर्यंत, आणि एका कॉलनीचे रोजचे आकडे पॉइसाँसारखे वागतात, म्हणजे व्हेरियन्स त्या कॉलनीच्या सरासरीएवढाच, आणि जास्त आकडेवाली कॉलनी महिनोन्‌महिने जास्तच राहते. म्हणून रजिस्टर रोज भरलेलं हवं, आठवड्याला एकदा मोजलं तर 4 दिवसांची आठवण दोन नोंदींच्या मधेच जवळजवळ पुसून जाते.